'सदर'चा दोष नाही, जागेचा आहे

प्रश्न: आमच्या कूलरचा चाचणी-अहवाल मी लिहिला. प्रत्येक वाक्य 'सदर'नं सुरू होतं म्हणून साहेबांनी परत पाठवला. 'सदर' चूक आहे का? दुसरा कोणता शब्द घालू? उतारा असा: 'सदर कूलरची टाकी ६० लिटरची आहे. सदर कूलरला तिन्ही बाजूंनी ताट्या आहेत. सदर कूलर १८० वॅट वीज घेतो. सदर कूलरचा पंप दोन तासांनी बंद पडला. सदर पंपाच्या जाळीत गाळ आढळला.'

चूक नाही, आणि दुसरा शब्दही घालू नका. 'सदर'च्या जागी आलटून पालटून 'प्रस्तुत', 'उक्त', 'उपरोक्त' पेरलेले अहवाल माझ्या डोक्यात जातात. त्याहून वाईट म्हणजे कूलरला पुढे 'यंत्र' आणि मग 'उपकरण' म्हणणं. वाचणारा तीन वस्तू शोधत बसतो.

'सदर' मूळचा अरबी 'सद्र': छाती, म्हणून पुढची, मुख्य जागा. वाड्याची सदर तीच, आणि आपल्या नागपुरातलं सदरही त्याच घराण्यातलं. अंगातला सदराही छातीवरूनच आला, असं माझं ठाम मत आहे. कागदपत्रात मात्र 'सदर' म्हणजे वर येऊन गेलेला. तुमच्या उताऱ्यात तो पहिल्याच वाक्यात आहे आणि त्याच्या वर काहीच नाही!

'सदर'मुळे नेमकेपणा येतो, असं सरकारी मराठीचे कैवारी सांगतात. मला साफ नामंजूर. एकाच कूलरच्या अहवालात तो नेमकेपणा आपलं क्रियापदच देतं. 'चालतो' म्हटलं की कूलर, 'गळते' म्हटलं की टाकी. कर्ता गाळला तरी अडत नाही. अडतं ते पंपापाशी. कूलर तो आणि पंपही तो, त्यामुळे नुसतं 'बंद पडला' लिहिलं तर काय बंद पडलं ते कळत नाही. तिथं नाव लिहाच.

आता खरा दोष. वाक्याची पहिली जागा वाचकाला माहीत असलेल्या गोष्टीची, आणि जोर पडतो क्रियापदाच्या अलीकडे. तुम्ही पहिली जागा पाचही वेळा 'सदर'ला दिलीत. शिवाय पहिली दोन वाक्यं 'आहे-आहेत'वर संपतात, म्हणजे दोन्ही टोकं सारखीच. अहवालातल्या वाक्यांचे फक्त पहिले दोन आणि शेवटचा शब्द समासाजवळ खाली खाली वाचत जा, लगेच दिसेल.

मी असं लिहीन:

'कूलरची टाकी ६० लिटरची असून तिन्ही बाजूंनी ताट्या आहेत. वीज १८० वॅट लागते. चाचणीत दोन तासांनी पंप बंद पडला. उघडून पाहिलं तेव्हा जाळीत गाळ आढळला.'

तिसरं वाक्य 'चाचणीत'नं सुरू केलं, कारण इथं वर्णन संपून घटना सुरू होते. शेवटचं वाक्य गाळावर थांबतं. साहेबांना हवं आहे ते तेच. 'तसेच', 'त्याचप्रमाणे' चिकटवून सुरुवात बदलणं मात्र फसवं आहे. पाच वाक्यांत तीन 'तसेच' आले की पुन्हा तोच ठेका.

आणि वापराच्या सूचना असतील, 'प्लग काढा, टाकी रिकामी करा, जाळी धुवा' अशा, तर त्या एकाच साच्यात राहू द्या. हात कामात असताना वाचणाऱ्याला तोच साचा सोयीचा पडतो.