‘आपल्या सोयीने केव्हाही या’

‘मॅडम, मी महाविद्यालयात नवीन आहे आणि वाङ्मय मंडळाचे काम माझ्याकडे आले आहे. एका मोठ्या लेखिकेला व्याख्यानाला बोलवायचे आहे, पण पत्र तीन आठवडे मसुद्यातच पडून आहे. नकार आला तर? आणि मानधन, गाडी हे विषय पत्रात काढणे बरे दिसते का?’

दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्याच एका तरुण सहायक प्राध्यापिका माझ्याकडे याच तक्रारीने आल्या होत्या. ओळख पटू नये एवढा बदल करून त्यांची हकिकत सांगते. त्यांना पुण्यातील एका लेखिकेला बोलवायचे होते. मी मसुदा वाचायला मागितला. त्यात आदर ओसंडून वाहत होता, पण माहिती अशी एवढीच होती : ‘जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या सोयीने केव्हाही यावे, विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित राहतील, प्रवासाची व्यवस्था केली जाईल.’

मी विचारले, ‘केव्हाही म्हणजे 27 फेब्रुवारीलाही चालेल?’ त्या दचकल्या. मराठी भाषा गौरव दिनाला मराठीच्या वक्त्यांना गावोगावची बोलावणी असतात, आणि त्या सुमारास त्यांच्या इमारतीत बारावीच्या परीक्षेचे केंद्र असल्याने सभागृहही मिळणार नव्हते. मग किती विद्यार्थी, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘ते प्राचार्यांना विचारावे लागेल.’ गाडीबद्दलही तेच उत्तर आले आणि मानधनाबद्दलही. भीती नेमकी कशाची आहे, हे तेव्हा आम्हा दोघींच्याही लक्षात आले. पाहुण्यांचा नकार पुढची गोष्ट होती. त्यांना प्राचार्यांच्या दालनात जाऊन खर्चाची मंजुरी मागण्याचा संकोच वाटत होता, आणि जे तिथे विचारले नव्हते ते सारे पत्रात मोघम झाले होते.

म्हणून पत्र बाजूला ठेवून आम्ही प्राचार्यांसाठी अर्ध्या पानाचे टिपण तयार केले. तारखा तीन निवडल्या : 17 आणि 23 जानेवारी, म्हणजे मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात (तो 14 ते 28 जानेवारीला असतो), आणि राखीव म्हणून 6 फेब्रुवारी. या तिन्ही दिवशी सभागृह मोकळे आहे याची त्यांनी कार्यालयातल्या नोंदवहीत आधी खात्री केली, कारण पाहुण्यांनी होकार दिलेली तारीख आपल्यालाच मागे घ्यावी लागणे हे नकारापेक्षा वाईट. श्रोते 120 ठरले. कला आणि वाणिज्य शाखेचे द्वितीय वर्षाचे विद्यार्थी, ज्यांपैकी निम्म्यांनी या लेखिकेचे काहीही वाचलेले नसणार. हे वाक्य पत्रात घालायला त्या तयार नव्हत्या. मी आग्रह धरला, कारण जाणकारांसमोर जे बोलायचे ते नवख्यांसमोर बोलून चालत नाही आणि वक्त्याला तयारी त्यावरच करायची असते.

वेळेचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट निघाली. त्यांनी ‘एक तासाचा कार्यक्रम’ लिहिले होते. पण दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि शेवटचे आभार यांतच आपल्याकडे पंचवीस-तीस मिनिटे सहज जातात. (परिचय करून देणारे सद्गृहस्थ स्वतःच रंगात आले तर विचारूच नका.) म्हणून पत्रात व्याख्यान 45 मिनिटे, प्रश्नोत्तरे 15 मिनिटे आणि व्यासपीठावरचा एकूण वेळ दीड तास असे वेगवेगळे लिहिले.

खरा गुंता प्रवासाचा होता. पुणे ते कोल्हापूर अंतर सुमारे 230 किलोमीटर आहे. गाडीने पाच तास धरले तरी खंबाटकी घाटात खोळंबा झाला की तो हिशेब कोलमडतो. सकाळी अकराच्या व्याख्यानासाठी पाहुण्यांनी पहाटे पाचला निघायचे, हे त्यांच्या वयाला शोभणारे नव्हते. म्हणून आदल्या सायंकाळी येऊन मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी जेवून परत, असे सुचवले. कोल्हापूरची गाडी आणायला आणि पुन्हा पोचवायला पाठवली असती तर पुण्याच्या दोन फेऱ्यांचे भाडे पडले असते. पुण्यातूनच गाडी ठरवली तर एकच फेरी आणि चालकाचा मुक्काम. हा आकडा टिपणात पाहून प्राचार्यांनी त्याच दिवशी सही केली. मानधनाची मंजूर रक्कम पत्रात एका वाक्यात आली, आणि ती कार्यक्रमाच्या दिवशीच दिली जाईल हेही. पैशांचा उल्लेख निमंत्रकाने केला नाही तर तो पाहुण्याला करावा लागतो, आणि त्यांचा संकोच आपल्यापेक्षा मोठा असतो.

शेवटी आम्ही एक ओळ घातली : ‘10 डिसेंबरपर्यंत आपला निर्णय कळवल्यास उरलेल्या तारखांचे सभागृह आम्हाला मोकळे करता येईल, यंदा शक्य नसल्यास तसेही निःसंकोच कळवावे.’ ही ओळ लिहिताना बाईंचा हात थांबला. नकाराची वाट आपणच का दाखवायची, असे त्यांनी विचारले. उत्तर न येता डिसेंबर उलटला तर दुसऱ्या वक्त्याला विचारायलाही वेळ उरत नाही, हे मी सांगितले, तेव्हा ओळ राहिली.

पत्र प्राचार्यांच्या सहीने, जावक क्रमांक पडून गेले. पाचव्या दिवशी लेखिकेचा फोन आला. 17 तारीख जमत नव्हती, 23 चालणार होती. मुक्काम हॉटेलऐवजी रंकाळ्याजवळ राहणाऱ्या भाचीकडे करणार होत्या, तेव्हा फक्त चालकाची सोय बघा, असे त्यांनी सांगितले. आणि विद्यार्थ्यांनी काही वाचलेले नाही तर आदल्या आठवड्यात एक कथा वर्गात वाचून घ्याल का, असे विचारून कथेचे नावही त्यांनीच दिले.