स्कर्टिंग आणि पाइपाजवळची फट

बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला लाकडी स्कर्टिंग लावू नकोस. ओल चढली की लाकूड फुगतं आणि सांधे उघडतात. तिथे टाइल किंवा पीव्हीसीच घे. उंची चार इंच पुरते, म्हणजे फरशी पुसताना रंगाला पाणी लागत नाही. छत बरंच उंच असेल तरच सहा इंची शोभते.

चिकटवायचं की ठोकायचं, हे भिंत ठरवते. भिंतीवर लांब सरळ पट्टी धरून बघ. मागे मोठी पोकळी दिसली तर नुसत्या गोंदावर पीव्हीसी टिकत नाही, काही दिवसांत टोकं सुटतात. तिथे प्लग आणि स्क्रू लागतातच. पण भिंतीत नळाची लाइन असेल त्या पट्ट्यात ड्रिल अजिबात नको, तिथे गोंदच.

पाइप स्कर्टिंगमधून जातो तिथे पाइपापेक्षा पाचसहा मिलिमीटर मोठं भोक पाड आणि त्यापासून खालच्या कडेपर्यंत सरळ चीर दे. मग पट्टी वरून पाइपावर बसते. उरलेली फट व्हाइट सिमेंटनं भरू नकोस. गिझरचा पाइप तापून हलतो, सिमेंटला तडा जातो आणि झुरळांना वाट मिळते. तिथे सिलिकॉन भर. त्यावर रंग धरत नाही, म्हणून टाइलच्या रंगाशी जुळणारंच आण.