दगडी भिंतीचं घनफळ आणि मसाला

तुमची भिंत १० मीटर लांब, ३ मीटर उंच, पायाशी १.५ आणि माथ्यावर ०.६ मीटर रुंद आहे. सरासरी रुंदी १.०५ घ्या, घनफळ ३१.५ घनमीटर. पायाची रुंदी सगळीकडे धरलीत तर ४५ होईल, नवखे नेमके इथेच फसतात.

आता वजावट. पाणी निघायची १० सेंटीमीटरची भोकं वजा करू नका, इतकी लहान भोकं मोजमापात धरत नाहीत. पण ६० सेंटीमीटरचा नळा आरपार जातोय, तिथे जाडी १.३ मीटर आहे, तो ०.३७ घनमीटर वजा करा. राहिले साधारण ३१.१. दगडांमधल्या पोकळ्या यातून कापायच्या नाहीत, त्या मसाल्याने भरतात आणि बांधकामातच मोजल्या जातात.

अनघड दगडाला ओला मसाला ३३ टक्के धरा, म्हणजे १०.३ घनमीटर. कोरडा माल त्याच्या १.३ पट, १३.४. एकास सहा प्रमाणात सिमेंट ५५ गोणी, वाळू चार ब्रास.

गोण्या याहून भराभर संपू लागल्या तर सांधे बघा. दोन दगडांमध्ये मूठ मावेल एवढा मसाला दिसला, तर गवंडी फटींत दगडाच्या चिपा ठोकत नाहीये.