कासारवडवलीतून लोअर परळ: तीन लाख जास्त, पण कोणाच्या खिशात?

प्रश्न: "मी कासारवडवलीला राहतो. लोअर परळच्या कंपनीची १५ लाखांची ऑफर आहे, पाचही दिवस ऑफिस. दुसरी १२ लाखांची, पूर्ण घरून काम. कोणती घेऊ?"

बारावाली घ्या.

कासारवडवली वाचलं म्हणून लिहायला बसलो. नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही. २०२२च्या जुलैत मी तिथूनच लोअर परळला जायला लागलो, तेही पगार पंचवीस हजारांनी वाढतोय म्हणून. चौदा महिने टिकलो. आमचा दादा अजून म्हणतो की मला घाम गाळायची सवय नाही.

लोक म्हणतात, ठाण्याहून दादर फास्टने पस्तीस-चाळीस मिनिटं, त्यात काय एवढं? बरोबर आहे. लोकलचा मला कधीच त्रास नव्हता. त्रास होता लोकलच्या अलीकडे, घरापासून ठाणे स्टेशनपर्यंतच्या घोडबंदर रोडवर. वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, आणि मग स्टेशनरोडची ती मुंगीची रांग. मेट्रोच्या कामाने रस्ता अर्धा खाल्लेला. शेअर रिक्षात चौथा येईपर्यंत रिक्षावाला हलत नाही, आणि चौथा तुम्ही असलात तर ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर. पुढे दादरला फास्ट सोडून स्लो पकडायची, करी रोडला उतरायचं, पुलावर ढकलाढकली, मग ऑफिसपर्यंत चालत.

मी सहा आठवडे मोबाइलमध्ये वेळा लिहून ठेवल्या: घराचं दार लावल्याची आणि ऑफिसात कार्ड लावल्याची. सगळ्यात कमी एक तास पंचवीस मिनिटं, सगळ्यात जास्त दोन तास पन्नास. सरासरी एक-पन्नासच्या आसपास. पण सरासरीच्या भरवशावर कोणी घरातून निघू शकत नाही. ऑफिस साडेनऊचं, दहा मिनिटांची सवलत, आणि महिन्यात तीन लेटमार्क झाले की अर्धी रजा कापली. म्हणून रोज वाईट दिवस गृहीत धरूनच निघायला लागायचं. सव्वासातला निघून मी कित्येकदा नऊलाच पोचायचो आणि खाली टपरीवर चहा पीत बसायचो. तो अर्धा तास ना घरचा, ना ऑफिसचा.

एकदा, ऑगस्ट संपत आला होता, मानपाड्याला कंटेनर बंद पडला. वीस मिनिटं रिक्षा जागची हलली नाही तेव्हा उतरलो आणि कापूरबावडीपर्यंत चालत गेलो. पाठीला लॅपटॉप, हातात डबा, बूट चिखलात. तरी दहा वाजून पाच मिनिटांनी कार्ड लागलं. तो महिन्यातला तिसरा लेटमार्क. संध्याकाळी पोर्टलवर रजा साडेतीनवरून तीनवर आलेली दिसली. मॅनेजर म्हणाला, "अरे, लवकर निघायचं ना." त्याचं घर परळलाच होतं.

आता पैशांचं. तीन लाखांचा फरक म्हणजे महिन्याला पंचवीस हजार, असं तुम्ही मनात धरलं असेल. मीही तेच धरलं होतं, आणि तुमच्या आकड्यांत खाच माझ्यापेक्षा खोल आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न सव्वाअकरा लाख राहतं, म्हणजे कर शून्य. १५ लाखांवर तीच वजावट धरून सव्वाचौदा लाख उरतात आणि सेससकट ९७,५०० रुपये कर बसतो. तुम्ही अगदी त्या शून्य कराच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना उभे आहात. तीन लाखांतले जवळजवळ एक लाख तिथेच गेले. राहिले २,०२,५००, म्हणजे महिन्याला १६,८७५.

त्यातून माझे रिक्षा, फर्स्ट क्लासचा पास, डबा नसेल त्या दिवशीचं जेवण, पावसात ओला-उबरचा एखादा फटका, असे सहा हजार सहज जायचे. उरले १०,८७५. जाऊन-येऊन रोज तीन तास चाळीस मिनिटं, बावीस दिवस, म्हणजे महिन्याला ऐंशी तास. ताशी साधारण १३५ रुपये. हा भाव तुम्हाला पटतो का, ते तुम्ही बघा. मला पटला नाही.

हा हिशेब दोन्ही आकडे कर कापण्याआधीचा पूर्ण रोख पगार आहेत असं धरून आहे. ते सीटीसी असतील तर त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल सगळं कोंबलेलं असतं. माझ्या त्या मोठ्या पगारात दहा टक्के व्हेरिएबल होतं, आणि पहिल्या वर्षी त्यातलं निम्मंच मिळालं. एचआरकडून महिन्याच्या पगाराची फोड लेखी मागा आणि मग गणित परत करा.

दादाचं म्हणणं वेगळं. तो डोंबिवलीहून फोर्टला बावीस वर्षं जातोय. त्याचा युक्तिवाद असा की पुढची पगारवाढ आजच्या पगारावर मोजतात, पुढची कंपनीही जुना पगार विचारते, म्हणून आज कमी घेतलंस तर दहा वर्षं कमीच घेशील. यात खोटं काही नाही. २०२३च्या सप्टेंबरात मी घरून काम घेतलं तेव्हा पगार खाली आला आणि अजून पुरता भरून निघालेला नाही. पण दादाचं घर स्टेशनपासून सात मिनिटांवर आहे! त्याचा प्रवास म्हणजे नुसती गाडी. गाडी चुकली तर पुढची. त्याचा ग्रुप ठरलेला, डबा ठरलेला, डुलकीही ठरलेली. घोडबंदरवर अडकलेल्या माणसाला तो "मी बघ कसा जातो" सांगतो तेव्हा डोक्यात तिडीक जाते. आई त्याचीच बाजू घेते, ते जाऊ दे.

उलट बाजूही सांगायला हवी, राहून गेली. तुमचं वय पंचविशीच्या आत असेल आणि काम अजून शिकताय, तर माझं ऐकू नका, ऑफिसात जा. घरी वन आरके आणि त्यात चार माणसं असतील तरी जा. नौपाड्यात किंवा स्टेशनजवळ भाड्याने राहायची तयारी असेल तर अर्धा प्रश्न सुटतो, पण भाड्यातला फरक त्या १०,८७५मधून वजा करा. मेट्रो वडाळ्यापर्यंत धावायला लागली की कासारवडवलीचं गणितही बदलेल, पण ऑफर तुम्हाला आज आली आहे.

आणि "पूर्ण घरून" हे नेमकं कुठे लिहिलंय ते बघा. माझ्याबाबतीत ते एचआरच्या मेलमध्ये होतं. ऑफर लेटरवर मात्र कामाचं ठिकाण मुंबई, खाली "कंपनीच्या गरजेनुसार कोठेही" अशी ओळ. दीड वर्षाने आठवड्यातून दोन दिवस बोलावणं आलं, तेव्हा मेल दाखवून काही झालं नाही. सही करण्याआधी लेटरमध्येच "कामाचं ठिकाण: कर्मचाऱ्याचं निवासस्थान" एवढी ओळ घालून मागा. घालायला टाळाटाळ केली, तर ती ऑफर घरून कामाची नाही असं समजा आणि बारा विरुद्ध पंधरा हा हिशेब प्रवास धरून नव्याने मांडा.

ते दोन दिवस ऐरोलीला असतात. ट्रान्स-हार्बरने दोन स्टेशनं. दादाला हे अजून सांगितलेलं नाही.