चौघींचा एक फ्रिज, उरलेला भात आणि चिकनवरचा आळ

प्रश्न: इंदूरला भंवरकुआँजवळ आम्ही चौघी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. फ्रिज, ओटा, भांडी सगळं एकत्र. रविवारी रात्री एकीने चिकन केलं. सोमवारी सकाळी रात्रीचा भात फोडणी देऊन दोघींनी खाल्ला आणि अकराच्या सुमाराला दोघींना उलट्या झाल्या. त्यातली एक शाकाहारी आहे. आता सगळ्या चिकन करणारीवर चिडल्या आहेत, चिकन बंद करा म्हणतात. काय नियम करावेत?

उत्तर:

चिकन करणारीवर चिडण्याआधी घड्याळ आणि ताट, दोन्ही नीट बघा. मी इंदूरमध्येच एका डेअरीच्या तपासणी विभागात काम करते, सूक्ष्मजंतू हाच माझा रोजचा विषय आहे, म्हणून सांगते. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय भातावर जातो.

कच्च्या चिकनमधून येणारा साल्मोनेला नावाचा जंतू पोटात गेला, तर त्रास सहसा सहा तासांनंतर ते दोन-तीन दिवसांत सुरू होतो आणि त्यात जुलाब, पोटात मुरडा, बऱ्याचदा ताप असतो. तुमच्याकडे सकाळी खाल्लं आणि काही तासांत उलट्या झाल्या, त्याही नेमक्या भात खाणाऱ्या दोघींनाच. चिकन ज्यांनी खाल्लं पण भात नाही, त्या बऱ्या आहेत ना, हे एकदा विचारून घ्या. तपासणीशिवाय शंभर टक्के कोणी सांगू शकणार नाही, पण हे चित्र बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूशी जुळतं.

हा जंतू मातीतला. तांदळावर त्याचे बीजाणू बऱ्याचदा असतात, आणि भात शिजताना ते मरत नाहीत. गरम भात पातेल्यात झाकून ओट्यावर राहिला की बीजाणू जागे होतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. या विषाला उष्णतेचं काही वाटत नाही. सकाळी तेल कडकडीत तापवून फोडणी दिली तरी जंतू मरतील, विष तसंच राहील. वास येत नाही, चव बदलत नाही. ‘नीट गरम केला होता’ हे म्हणूनच इथे उपयोगाचं नाही.

तेव्हा पहिला नियम भाताचा करा. जेवण झाल्यावर उरलेला भात पातेल्यात ठेवू नका. परातीत किंवा मोठ्या ताटात पातळ पसरा, पंख्याखाली वाफ जाऊ द्या. अर्ध्या तासात तो कोमट होतो. मग बुटक्या, पसरट डब्यात भरून झाकण लावून फ्रिजमध्ये. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि इंदूरच्या मे महिन्यात तासाभरातच. भरलेलं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भात कित्येक तास कोमट राहतो, आणि शेजारचं दूधही तापतं. दुसऱ्या दिवशी तो भात वाफ येईपर्यंत गरम करून संपवा, पुन्हा उरला तर टाका. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र फोडणीला घेऊच नका, कितीही जीव हळहळला तरी.

हे सगळं फ्रिज खरंच थंड असेल तर. आतल्या बटणावरचे आकडे म्हणजे डिग्री नव्हेत. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर मिळतो. तो ग्लासभर पाण्यात घालून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताच वाचा. पाच डिग्री किंवा कमी हवं. जास्त असेल तर बटण वाढवा, आणि आतली गर्दी कमी करा. चौघींचे डबे कोंबले की थंड हवा फिरत नाही. दाराचं रबरही बघा: दारात कागद धरून बंद करा, तो सहज ओढून निघाला तर तिथून थंडी गळते आहे.

आता चिकन. ते निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. धोका आहे, पण तो नीट शिजलेल्या चिकनचा नाही, कच्च्याच्या पाण्याचा आहे. दुकानातली पातळ पिशवी कप्प्यात गळते आणि खालच्या कोथिंबिरीवर, दह्याच्या झाकणावर पडते. म्हणून घरी आल्या आल्या ते पिशवीसकट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून सर्वांत खाली ठेवायचं, आणि शक्यतो त्याच दिवशी शिजवायचं. नळाखाली धुऊ नका. थेंब हातभर उडतात, आणि सिंकच्या कडेला तुमची घासलेली भांडी निथळत असतात. धुतल्याने जंतू जातही नाहीत, शिजवण्याने जातात. सुरी आणि पाट वेगळा ठेवा. कच्च्याला हात लावला की साबणाने हात धुतल्याशिवाय मिठाच्या डब्याला, गॅसच्या बटणाला हात नाही. त्या बटणाची आठवण कोणाला राहत नाही.

शाकाहारी मैत्रिणीशी दोन गोष्टी वेगळ्या करून बोला. कच्चं चिकन खालच्या कप्प्यात, हा जंतूंचा नियम आहे, तो सगळ्यांनी पाळायचा. तिच्यासाठी वेगळी कढई आणि वेगळी घासणी, हा तिच्या श्रद्धेचा आणि किळस वाटण्याचा मान आहे. साबणाने घासलेल्या कढईतून जंतू येत नाहीत, पण म्हणून तिने तीच वापरावी असा हट्ट धरणं बरोबर नाही. हे दोन्ही मिसळले की ‘तुझ्यामुळे आजारी पडले’ आणि ‘तू मला अस्वच्छ म्हणतेस’ असं भांडण सुरू होतं.

भांड्यांच्या घासणीबद्दल थोडक्यात: सिंकमध्ये ओली पडलेली घासणी रात्रभर जंतू वाढवते. पिळून उभी वाळवा, वास आला की बदला. ओटा पुसायचं फडकं आणि भांडी पुसायचं फडकं वेगळं, आणि दोन्ही रोज उन्हात.

फ्रिजची भांडणं बहुतेक बेवारशी डब्यांवरून होतात. दारावर चिकटपट्टीची गुंडाळी आणि पेन टांगा. डब्यावर नाव आणि शिजवल्याची तारीख नसेल तर डबा आत जाणार नाही. तीन दिवसांनंतरचा शिजलेला पदार्थ न विचारता टाकायचा, आणि तो टाकणारीला कोणी बोलायचं नाही, हे चौघींनी आधीच मान्य करून घ्या. शनिवारी रात्री फ्रिज रिकामा करून तपासा; टाकायचं अन्न ओल्या कचऱ्याच्या डब्यात घाला, म्हणजे सकाळी गाडी येते तेव्हा धावपळ होत नाही.

आणि आत्ता ज्या दोघींना उलट्या झाल्या, त्यांनी पूर्ण बऱ्या झाल्यावरही आणखी दोन दिवस सगळ्यांसाठी स्वयंपाक करू नये. भातामुळे झालं असेल तर ते एकीकडून दुसरीला लागत नाही, पण उलट्यांचा विषाणू असेल तर हातातून पटकन पसरतो, आणि त्याला सॅनिटायझरने पुरेसा अडसर होत नाही, साबण-पाणीच हवं. तोवर ओआरएस थोडं थोडं घेत राहा. उलटी किंवा जुलाबातून रक्त, सतत ताप, पाणीही पोटात न टिकणं किंवा लघवी जवळजवळ बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.