पीपीओ घ्यावा की एम.टेक.ची सीट?

प्रश्न: "मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष झालं, पुण्यातली सहा महिन्यांची इंटर्नशिप जून २०२६ ला संपली. पीपीओ आलाय, ६ लाख सीटीसी, दोन वर्षांचा बाँड, ९० दिवसांचा नोटिस पीरियड. गेट २०२६ च्या स्कोअरवर एनआयटीत थर्मलची सीटही मिळतेय. घरचे म्हणतात नोकरी धर, गेटचा स्कोअर कुठे पळून जातोय. काय करू?"

स्कोअर लगेच पळून जात नाही, हे खरं. निकालापासून तीन वर्षं तो चालतो, म्हणजे तुझा मार्च २०२९ पर्यंत. प्रवेश उन्हाळ्यात होतात, त्यामुळे हातात २०२६, २०२७ आणि २०२८ असे तीनच हंगाम आहेत. आता बाँडचं कॅलेंडर याच्या शेजारी ठेव.

समज, तू १५ जुलै २०२६ ला रुजू झालास. बाँड १४ जुलै २०२८ ला संपेल, म्हणजे २०२७ चा हंगाम गेलाच. २०२८ मध्ये जुलैच्या मध्यावर सुटायचं तर नोटीस एप्रिलच्या मध्यावर द्यावी लागेल. पण आयआयटी-एनआयटीच्या ऑफर साधारण मे ते जुलैमध्ये येतात. म्हणजे सीट हातात नसताना राजीनामा. ऑफर आल्यावर जूनमध्ये दिलास तर सुटका सप्टेंबरमध्ये, तोवर वर्ग सुरू झालेले असतात.

याहून वाईट गोष्ट पत्रात बारीक अक्षरांत असते. बाँड रुजू झाल्यापासून मोजतात की ट्रेनिंग संपल्यापासून, ते बघ. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर मोजत असतील तर बाँड जानेवारी २०२९ मध्ये संपतो आणि पुढचा हंगाम यायच्या आत स्कोअर बाद. मग "नंतर करू" याचा अर्थ पुन्हा गेट देणं. नोकरी करताना ते जमतं, पण तसं ठरवूनच सही कर.

"बाँड कोर्टात टिकत नाही" हे हॉस्टेलवर कोणीतरी सांगेलच. त्यावर विसंबू नकोस. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा बाँड आणि दोन लाखांची भरपाई मान्य केली. प्रत्येक खाजगी कंपनीचा बाँड तसाच टिकेल असं नाही, रक्कम वाजवी आहे का हे पाहिलं जातं. पण रक्कम भरावी लागू शकते असं धरूनच हिशेब मांड. मूळ मार्कशीट ठेवून घेणारी कंपनी असेल तर मात्र विचारच करू नकोस.

आता पैसे. ६ लाखांत ६०,००० व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी सुमारे १४,४०० आणि विमा ६,००० धरला तर उरतात ४,९८,०००, म्हणजे महिना ४१,५००. त्यातून तुझा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३९,५०० येतात. या पगारावर नव्या करप्रणालीत इन्कम टॅक्स लागत नाही. तुझ्या पत्रातले आकडे घालून हेच गणित पुन्हा कर. पुण्यात महिना २०,००० खर्च धरला तर दोन वर्षांत पावणेपाच लाखांच्या आसपास शिल्लक पडेल. एम.टेक.ला गेटवाल्यांना महिना १२,४०० स्टायपेंड असतो, त्यासाठी आठवड्याला आठ तास लॅब किंवा ट्यूटोरियलचं काम. त्यातला बराचसा फी आणि मेसमध्ये जातो आणि तो कधी कधी उशिरा येतो, म्हणून पहिल्या सेमिस्टरचे पैसे घरून लागतील असंच धर. सीट सेल्फ-फायनान्स नाही ना, हेही बघून घे. तिथे स्टायपेंडचं गणितच बदलतं.

एवढे पैसे सोडावेत का, हे कामावर ठरतं. एचआरला मेलवर विचार: विभाग कोणता, रुजू होण्याची तारीख कोणती, बाँड कुठल्या दिवसापासून? फोनवरचं उत्तर धरू नकोस. तारखेच्या जागी "नंतर कळवू" असेल तर सीट सोडू नकोस. कॅम्पसच्या जॉइनिंगच्या तारखा पुढे ढकलल्या जातात आणि मग दोन्ही हातचं जातं. सीट कोणत्या फेरीपर्यंत फी परत घेऊन सोडता येते ते सीसीएमटीच्या वेळापत्रकात पाहा आणि एचआरकडून त्याच्या आत उत्तर मिळव.

दुसरीकडे, त्या एनआयटीतल्या थर्मलच्या दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना गाठ. संस्थेचं सरासरी पॅकेज विचारू नकोस, त्यात कॉम्प्युटरवाले मिसळलेले असतात. तुमच्या वर्गात किती जण प्लेसमेंटला बसले, किती लागले आणि त्यातले थर्मलच्या कामावर किती, एवढंच विचार.

माझं मत: इंटर्नशिप सीएफडी, एचव्हीएसी किंवा इंजिन टेस्टिंगच्या टीममध्ये झाली असेल, पीपीओ त्याच टीमचा असेल आणि बाँड रुजू झाल्यापासून असेल, तर नोकरी घे. काम प्रॉडक्शन शिफ्टचं किंवा सपोर्टचं असेल आणि तुला डिझाइनकडे जायचं असेल, तर सीट घे. दोन वर्षं शिफ्ट केल्यावर डिझाइनमध्ये वळणं अवघड जातं. बाँड ट्रेनिंगनंतर मोजत असतील आणि एचआर ते बदलायला तयार नसेल, तरीही मी सीटच घेईन.