स्पायडर प्लांटची टोकं करपतात ती कशाने?

मुंबईच्या दमट हवेत कोरडेपणावर लगेच संशय घेऊ नका; कुंडी एसीच्या झोतात असेल तरच ती जागा बदला. आधी माती बघा. वर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट थर दिसला, तर क्षार साचलेत, आणि टोकं बहुधा त्यांनीच करपतात. पालिकेचं तलावाचं पाणी तसं सौम्य असतं, बोअरवेल किंवा टँकरचं बहुधा जड.

कुंडीच्या मापाच्या तीन-चार पट साधं पाणी हळूहळू ओता, खालून पूर्ण निथळू द्या, ताटलीतलं फेकून द्या. महिनाभर खत बंद. पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन कमी होतं, क्षार किंवा फ्लोराइड नाही. त्यासाठी पावसाचं पाणी साठवा.

करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, म्हणून नवी पानं बघा.